शुगरची नोंद वहीत ठेवायची की ॲपमध्ये, आणि डॉक्टर त्यात नेमकं काय बघतात

मी डायबेटिसच्या क्लिनिकमध्ये एज्युकेटर म्हणून काम करते. पेशंट डॉक्टरांकडे आत जायच्या आधी त्याची वही किंवा फोन बघायचा आणि त्यातलं कामाचं काय ते एका कागदावर काढून आत पाठवायचं, हे माझं रोजचं काम. शुगर मोजायचं नवीन मशीन घेतलेली जवळजवळ सगळी माणसं पहिल्याच भेटीत विचारतात की मॅडम वही करू की ॲप टाकू. याचं उत्तर तुमच्या वयावर किंवा फोन किती महागाचा आहे यावर नसतं, तुमची औषधं कोणती आहेत आणि घरात बोट कोण टोचतं, लिहितं कोण, यावर असतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पायरी १: आधी डॉक्टरांना विचारा की कुठल्या वेळेचे आकडे हवेत

हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत आणि मग रोज सकाळी उठून फक्त उपाशीपोटीची शुगर बघत बसतात. महिनाभराने तीस आकडे घेऊन येतात, सगळे एकाच वेळेचे, त्यामुळे दिवसभरात काय होतं ते कुणालाच कळत नाही. डॉक्टरांना आकडे हवे असतात ते औषधाचा डोस ठरवायला, आणि प्रत्येक औषधाचा हिशोब वेगळ्या वेळेला दिसतो. दिवसातून दोनदा मिक्स इन्सुलिन घेत असाल तर सकाळच्या डोसचं काम रात्रीच्या जेवणाआधीच्या आकड्यात दिसतं आणि रात्रीच्या डोसचं दुसऱ्या दिवशी उपाशीपोटीच्या आकड्यात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी सकाळी घेत असाल तर दुपारच्या जेवणाआधी शुगर खाली जाते का हे बघणं महत्त्वाचं. नुसती मेटफॉर्मिन चालू असेल तर शुगर खूप खाली जायची भीती सहसा नसते, अशा वेळी रोज टोचायचीसुद्धा गरज नसते, डॉक्टरांच्या भेटीआधी एक आठवडा नीट बघितलं तरी चालतं.

एका पट्टीला पंधरा ते पंचवीस रुपये जातात, म्हणजे दिवसाला सहा वेळा टोचणं बहुतेक घरांना परवडत नाही, आणि बोटंही दुखतात. म्हणून आम्ही जोडीने बघायला सांगतो. एक आकडा जेवणाआधीचा आणि एक पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी, जेवण संपल्यापासून नाही, हे नीट लक्षात ठेवा. आज नाश्त्याची जोडी, उद्या दुपारच्या जेवणाची, परवा रात्रीची, मग परत पहिल्यापासून. दिवसाला दोन पट्ट्या, आठवड्याला चौदा, आणि तेवढ्यात पूर्ण दिवसाचं चित्र तयार होतं.

पायरी २: मशीनचं घड्याळ लावा

वही असो नाहीतर ॲप, मशीनमधली तारीख आणि वेळ बरोबर नसेल तर सगळं फुकट जातं. काही मशीनमध्ये सेल बदलला की घड्याळ मागे जातं आणि मग सकाळी सातची रीडिंग मेमरीत रात्री दोनची म्हणून दिसते. ब्लूटूथने ॲपमध्ये गेली तर तिथेही तशीच चुकीची जाते. ॲप वेळेवरून आपलं आपण ठरवणारं असेल तर ती जेवणाआधीची की नंतरची हेही चुकवतं. नवीन मशीन आल्यावर आणि दर वेळी सेल बदलल्यावर घड्याळ बघायचंच.

अजून एक. मुलगा इंग्लंडमध्ये आहे, त्याने तिकडून मशीन आणलं, असं बऱ्याच घरात असतं. तिकडची मशीन `mmol/L` मध्ये आकडा दाखवतात, आपल्याकडे `mg/dL` चालतं. तिकडचा ७ म्हणजे आपला १२६, अठराने गुणायचं. काही मशीनमध्ये हे बदलताच येत नाही, तसं असेल तर ते मशीन आईवडिलांना देऊ नका, कारण २० आकडा बघून बाबा म्हणतील शुगर खूप कमी झाली, आणि ती असेल ३६०. ॲपमध्येही हे सेटिंग असतं, पहिल्या दिवशी तपासून घ्या.

पायरी ३: आता ठरवा, वही की ॲप

बोट टोचणारा आणि लिहिणारा माणूस एकच असेल, त्याला स्वतःचा फोन असेल आणि मशीन ब्लूटूथवालं असेल, तर ॲप घ्या. आकडा आपोआप जातो, वेळ आपोआप पडते, काही राहून जात नाही, आणि वही घरी विसरली हा प्रकार होत नाही. दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेणाऱ्यांना तर ॲप खूपच बरं पडतं कारण त्यांना आकड्याबरोबर किती युनिट घेतलं आणि काय खाल्लं हे रोज लिहायचं असतं, वहीत ते फार गिचमीड होतं. आणि दंडावर सेन्सर लावणारा असाल, लिब्रेसारखा चौदा दिवसांचा, तर वहीचा प्रश्नच नाही, त्याचा ग्राफवाला रिपोर्ट ॲपमधूनच निघतो आणि डॉक्टर तोच मागतात.

पण मशीन साधं असेल आणि प्रत्येक आकडा हाताने ॲपमध्ये टाईप करायचा असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की वहीच घ्या. हाताने टाईप करायचं ॲप पहिले काही दिवस उत्साहाने चालतं, मग दुपारचं रात्री भरलं जातं, रात्रीचं दुसऱ्या दिवशी, आणि ॲप मात्र वेळ घालतं ती टाईप केल्याची, टोचल्याची नाही. वहीत निदान ‘दुपारी जेवणाआधी’ असा रकाना असतो, आकडा कुठला ते कळतं.

आईवडिलांच्या बाबतीत जास्त विचार करा. फोन सुनेचा, ती सकाळी नऊला ऑफिसला जाते, मग दुपारचे आकडे कुठे जाणार? अशा घरात मशीनच्या डब्यातच एक छोटी वही आणि दोऱ्याने बांधलेलं पेन ठेवायचं, आणि आठवड्यातून एकदा त्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर मुलीला किंवा मुलाला पाठवायचा. हे आम्ही इतक्या घरांमध्ये चाललेलं बघितलंय की मी आता अशा घरात सहसा दुसरं काही सुचवत नाही. हात थरथरतात किंवा नजर कमी झालीय, अशांना मात्र लिहिण्यापेक्षा ब्लूटूथ सोपं पडतं, तिथे वयाकडे बघून वही देऊ नका.

दोन्ही एकदम ठेवू नका, त्यात अर्धं इकडे अर्धं तिकडे होतं.

पायरी ४: वही कशी आखायची

तारखेखाली तारीख आणि पुढे आकडा, अशी लांबच लांब यादी करू नका. पान आडवं धरा आणि रकाने पाडा, एका दिवसाला एक ओळ. डॉक्टर वही आडवी वाचत नाहीत, उभी वाचतात, म्हणजे उपाशीपोटीचा रकाना वरून खाली, मग नाश्त्यानंतरचा वरून खाली, असं. एका वेळेचे आकडे एकाखाली एक असले की दहा सेकंदांत कळतं कुठे गडबड आहे.

शेवटचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा, तो ‘काय झालं’ चा. त्यात रोज सगळं जेवण लिहायची गरज नाही, नेहमीपेक्षा वेगळं काय ते लिहायचं: गोळी विसरले, जेवायला उशीर, लग्नाचं जेवण, एकादशीची साबुदाणा खिचडी, ताप, गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन, रात्री झोप नाही. स्टिरॉइडचं इंजेक्शन तर नक्की लिहा, त्याने पुढचे काही दिवस शुगर बरीच वर जाऊ शकते आणि हे माहीत नसेल तर डॉक्टर उगाच डोस वाढवतील.

ॲप असेल तर हे करा

एकक `mg/dL` करा, डॉक्टरांनी सांगितलेली तुमची रेंज टाका, आणि प्रत्येक आकड्याला जेवणाआधी की नंतर ही खूण लगेच लावा, नंतर लावू म्हटलं की राहतं. मग भेटीच्या आदल्या दिवशी पीडीएफ काढून बघा. बऱ्याच ॲपमध्ये दोन प्रकारचे रिपोर्ट निघतात, एक यादी आणि एक वहीसारखा रकान्यांचा, आपल्याला रकान्यांचा हवाय, शेवटच्या चौदा दिवसांचा. तो प्रिंट करून न्या किंवा क्लिनिकच्या नंबरवर आधी पाठवा. ओपीडीत बाहेर पंचवीस माणसं बसलेली असताना डॉक्टरांच्या हातात फोन देऊन ‘हे बघा, खाली खाली जा’ असं म्हटलं तर ते तीन आकडे बघतात आणि फोन परत देतात, त्यात त्यांचाही दोष नाही. आणि ॲप टाकतानाच बघून घ्या की रिपोर्ट फुकट निघतो की त्याला पैसे पडतात.

एक आठवडा नीट उलगडून बघू

समजा एक ५८ वर्षांच्या काकू आहेत. सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन, रात्री परत मेटफॉर्मिन. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी, ७.१ आली, म्हणजे कागदावर उत्तम. तक्रार एवढीच की कधीकधी दुपारी गळून गेल्यासारखं होतं. त्यांची आठवड्याची वही अशी (आडवी रेघ म्हणजे तेव्हा टोचलं नाही):

| वार | उपाशी | नाश्त्यानंतर | दुपारी आधी | दुपारी नंतर | रात्री आधी | रात्री नंतर | काय झालं |
|---|---|---|---|---|---|---|---|
| सोम | १२४ | १८६ | – | – | – | – | |
| मंगळ | – | – | ६४ | १९८ | – | – | भजनी मंडळ, जेवण २.३० ला. घाम आला, साखर खाल्ली, १५ मिनिटांनी ९१ |
| बुध | – | – | – | – | १२८ | १७२ | |
| गुरू | १३१ | १९४ | – | – | – | – | पोहे |
| शुक्र | – | – | ६८ | २०४ | – | – | भजनी मंडळ, जेवण २.१५ ला. साखर खाल्ली, १५ मिनिटांनी ८८ |
| शनी | – | – | – | – | ११९ | १६८ | |
| रवि | १२७ | – | १०२ | – | – | – | घरीच, जेवण १ वाजता |

आता हेच आकडे ॲपच्या पहिल्या स्क्रीनवर कसे दिसले असते? नंतरचे ९१ आणि ८८ धरून सोळा रीडिंग, सरासरी १३५. छान हिरव्या रंगात. काकू खूश, मुलगा खूश, आणि आठवड्यातून दोनदा शुगर ७० च्या खाली जाते हे त्या सरासरीत पूर्ण झाकलं गेलं.

आणखी एक घोळ बघा. समजा काकूंनी दुपारचा फक्त जेवणानंतरचा आकडा बघितला असता, आधीचा नाही. मग वहीत १९८ आणि २०४ एवढंच दिसलं असतं. जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत असावं असं साधारण सांगतात, तेव्हा हे दोन्ही वर, म्हणजे कुणालाही वाटेल की औषध कमी पडतंय, वाढवा. आणि ग्लिमेपिराइड वाढवली असती तर मंगळवारचे ६४ अजून खाली गेले असते. खरं काय झालं होतं तर सकाळची गोळी काम करत राहिली, जेवण लांबलं, शुगर खाली गेली, मग साखर खाल्ली, वर खूप भूक लागलेली म्हणून नेहमीपेक्षा जास्त भात गेला, आणि त्याने आकडा वर गेला. म्हणजे २०४ च्या मागे ६८ आहे. हे कळलं दोन गोष्टींमुळे, आधीचा आकडा जोडीला होता आणि शेवटच्या रकान्यात ‘जेवण २.३० ला’ हे तीन शब्द होते. रविवारी एकला जेवल्या तर १०२, त्यामुळे संशय पक्का झाला.

असा कागद समोर असला की डॉक्टर सकाळची गोळी २ ची १ करणं, किंवा भजनाच्या दिवशी साडेअकराला काहीतरी खायला सांगणं, असा निर्णय दोन मिनिटांत घेऊ शकतात. हा निर्णय मात्र त्यांचाच, वही बघून घरी गोळी अर्धी करू नका.

डॉक्टरांची नजर कुठल्या क्रमाने जाते

मी जे रोज बघते ते सांगते. सगळ्यात आधी ते ७० च्या खालचे आकडे शोधतात, कारण त्यात धोका लगेचचा असतो. म्हणून हे आकडे लाल पेनाने गोल करा, किती वाजता, काय वाटलं आणि काय खाल्लं हे सगळं लिहा. दुसरं, उपाशीपोटीचा रकाना. साधारण ८० ते १३० च्या मध्ये असावा असं सांगतात, वयस्कर माणसाला किंवा ज्याची शुगर वारंवार खाली जाते त्याला डॉक्टर जास्त मोकळीक देतात, त्यामुळे शेजाऱ्याची रेंज स्वतःला लावू नका. उपाशीपोटीची सारखी वर येत असेल तर ते एखाद्या रात्री झोपताना, पहाटे तीनला आणि सकाळी असे तीन आकडे मागतात. झोपतानाच वर असेल तर रात्रीचं जेवण बघायला हवं, तीनपर्यंत ठीक आणि मग वर चढली तर पहाटेच्या हार्मोन्समुळे, आणि तीनला खूप खाली गेली असेल तर रात्रीचं इन्सुलिन जास्त होतंय का बघायला लागतं. तीन कारणं, तीन वेगळे उपाय, आणि सकाळचा आकडा मात्र तिन्हीत वरच असू शकतो.

मग जोड्या बघतात, जेवणाआधी आणि नंतर किती फरक पडतो. आणि शेवटी वही आणि एचबीएवनसी जुळतंय का. समजा एचबीएवनसी ८.६ आलं, त्याचा अर्थ गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर २०० च्या आसपास, आणि वहीत सगळीकडे ११५, १२०, १२५. मग कुठेतरी काहीतरी चुकतंय. बहुतेक वेळा फक्त उपाशीपोटीची बघितलेली असते आणि जेवणानंतरची कधीच नाही. कधी पट्ट्या एक्स्पायर झालेल्या असतात किंवा डबीचं झाकण उघडं राहिलेलं असतं. कधी अंगात लोह कमी असतं, त्यानेही एचबीएवनसी खोटं वर दिसू शकतं, आपल्याकडे बायकांमध्ये हे खूप बघायला मिळतं, आणि अशा वेळी घरची वहीच खरं सांगते. आणि कधी आकडे चांगले करून लिहिलेले असतात, डॉक्टर रागावतील म्हणून २३० चं १३० होतं. कृपा करून असं करू नका. डॉक्टर मशीनची मेमरी बघू शकतात हा मुद्दा बाजूला ठेवा, खरा मुद्दा हा की चुकीच्या आकड्यावर ठरलेला डोस तुमच्याच पोटात जाणार आहे.

एकच आकडा अचानक वेडावाकडा आला, ३१० वगैरे, आणि बरं वाटतंय, तर साबण लावून हात धुवा, पुसून कोरडे करा आणि परत टोचा. आंबा चिरून तसंच बोट टोचलं की बोटावरच्या रसाची साखर मशीन मोजतं, मे महिन्यात हे हमखास होतं. दोन्ही आकडे लिहा, पहिला खोडू नका, बाजूला ‘आंबा’ लिहा. मशीन आणि लॅब यांच्यात दहा-पंधरा टक्क्यांचा फरक येतोच, त्यामुळे १२८ आणि १३६ मध्ये काही शोधत बसू नका.

कधी नुसतं लिहून थांबायचं नाही

७० च्या खाली आलं की आधी खायचं, लिहायचं नंतर. पंधरा ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन छोटे चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत टोचायचं, अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच. ५४ च्या खाली गेली किंवा माणूस बरळायला लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पुढच्या भेटीची वाट बघू नका, आणि शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना. ३०० च्या वर परत परत येतंय आणि सोबत उलट्या, पोटात दुखणं किंवा धाप असेल तरी सरळ दवाखाना.

भेटीला जाताना आणि आल्यावर

वही किंवा चौदा दिवसांची प्रिंट न्या, मशीनही सोबत न्या, आणि वरच्या कोपऱ्यात सध्याची औषधं डोस आणि वेळेसकट लिहून ठेवा, कारण आकडे समोर आहेत पण गोळी सकाळची की रात्रीची हेच आठवत नाही असं फार होतं. विचारायचा एक प्रश्न ठरवून जा, ‘दुपारी खाली का जाते’ असा नेमका.

घरी आल्यावर नवीन डोस चालू कराल त्या दिवशी वहीत आडवी रेघ मारा आणि रेघेवर तारीख आणि काय बदललं ते लिहा, ‘ग्लिमेपिराइड २ ची १’ एवढं पुरे. ॲपमध्ये त्या दिवशीच्या नोटमध्ये लिहा. पुढच्या भेटीत डॉक्टर रेघेच्या वरचा आणि खालचा तोच रकाना शेजारी धरून बघतात, म्हणून बदलानंतरचा पहिला आठवडा जोड्या चुकवू नका, आणि काकूंसारखं असेल तर त्यातली एक जोडी मुद्दाम भजनाच्या दिवशीची ठेवा.